चौघांनंतर जण

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात गेल्या वर्षीच्या एका चुकीपासून करतो. चूक आमचीच होती, म्हणून सांगायला हरकत नाही. महाप्रसादाची यादी आमच्याकडे होती. एकाच कागदावर आम्ही दोन गोष्टी लिहून घेत होतो, कोणत्या घरून जेवायला किती येणार आणि कोणत्या घरून नैवेद्याला किती मोदक येणार. एका घरापुढे आम्ही नुसते '२१' लिहिले आणि कागद स्वयंपाकघरात पाठवून दिला. आचाऱ्याने तो आकडा माणसांचा धरला आणि एकोणीस पानांचा स्वयंपाक जास्त झाला. त्या घरून आले फक्त दोघे, नवरा-बायको, आणि त्यांच्या हातात एकवीस मोदकांचा डबा होता!

आमची आजी असती तर ही चूक झाली नसती. तिच्यासमोर कोणी नुसता आकडा बोलला की ती लगेच विचारायची, "काय?" आम्ही बाहेरून येऊन "आजी, चार आलेत" म्हणालो की तिचा प्रश्न ठरलेला, "चार काय? चौघे की चार?" लहानपणी हा प्रश्न आम्हाला विनोदी वाटायचा. पुढे कळले की त्या प्रश्नात मराठीच्या व्याकरणातली एक फार मोलाची गोष्ट दडलेली आहे. आजचे बोलणे त्याच गोष्टीबद्दल आहे.

उदयनगरच्या हाटात गेलो की आपण म्हणतो, दोन जुड्या मेथी द्या, एक फणी केळी द्या, चार कांदे द्या. कांद्याला मधे काही लागत नाही, पण मेथीला जुडी लागते. 'दोन मेथी' म्हटले तर भाजीवाली हसेल, कारण मेथीत 'एक' म्हणजे काय हे ठरलेले नाही. एक पान, एक काडी की एक मूठ? जुडी म्हटले की ते ठरते. पाण्याचेही तसेच. 'पाच पाणी' म्हणता येत नाही, पाच तांब्ये पाणी म्हणावे लागते. कापडाला हात किंवा वार, कागदाला ताव, सुताला गुंडी. अशी मापे जगातल्या सगळ्या भाषांत आहेत, त्यात विशेष काही नाही. आपल्या दुर्वांचीच गंमत पाहा. गणपतीला एकवीस दुर्वा वाहतात, पण त्यातली 'एक' दुर्वा म्हणजे एक पाते नव्हे. तीन किंवा पाच पात्यांचा एक तुरा असतो, तो एक धरायचा. मोजण्याआधी एक कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते आणि मग एकवीस होतात.

आता ज्या भाषांना कांद्यालाही मधे एक शब्द लागतो, त्यांच्याकडे वळू. लांब जायला नको. आमच्या ओळखीचे एक बंगाली गृहस्थ इकडे येऊन बरीच वर्षे झाली. त्यांची हिंदी चांगली आहे, मराठीही थोडी येते. एकदा आमच्याकडे बसले असताना त्यांनी विचारले, "दादा, तुमच्या मराठीत 'टा' कुठे असतो?" आम्हाला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. बंगालीत 'पाँच बोइ' म्हणजे 'पाच पुस्तक' असे बोलता येत नाही. 'पाँचटा बोइ' म्हणावे लागते. कपड्यासारखी सपाट वस्तू असेल तर 'चारखाना'. आणि माणसे असतील तर 'पाँचजन लोक'. आकडा एकटा कधीच वस्तूला जाऊन चिकटत नाही, मधे कोणीतरी ओळख करून द्यावी लागते. तो 'टा' आपले घरही बदलतो आणि त्याबरोबर अर्थही बदलतो. 'पाँचटा बोइ' म्हणजे कुठलीही पाच पुस्तके, आणि 'बोइ पाँचटा' म्हणजे ती, आपल्याला माहीत असलेली पाच पुस्तके.

हे असे का? त्याचे एक कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. बंगालीत 'बोइ' हा शब्द एका पुस्तकालाही चालतो आणि दहा पुस्तकांनाही. आपल्यासारखे पुस्तक-पुस्तके असे रूप तिथे आकड्यापुढे बदलत नाही. म्हणजे बंगाली कानाला 'बोइ' हा शब्द काहीसा आपल्या 'मेथी'सारखा आहे. त्यात पुस्तकपण आहे, पण एक-दोन असे तुकडे पाडलेले नाहीत. तुकडा पाडण्याचे काम तो 'टा' करतो. चिनी भाषेतही हेच आहे. तिथे तीन पुस्तके म्हणजे 'सान बन शू'. सान म्हणजे तीन, शू म्हणजे पुस्तक आणि मधला 'बन' पुस्तकांना मोजण्यासाठी ठेवलेला शब्द. जपानीत लांब, काठीसारख्या वस्तूंना 'होन', कागदासारख्या पातळ वस्तूंना 'माइ'. आपल्या भागातल्या कावडिया पहाडातले ते लांबट, जणू कोणी घडवून रचून ठेवलेले दगड एखाद्या जपानी पाहुण्याने मोजायला घेतले, तर तो बहुधा 'होन' लावून मोजील, असे आम्हाला उगाच वाटते. ज्या भाषांत अनेकवचन आकड्याबरोबर आपोआप येते, त्यांना सहसा असा मधला शब्द सक्तीने लागत नाही. आपली मराठी त्यातली. आंबा-आंबे, घर-घरे, वही-वह्या ही रूपे आपल्याकडे आहेत, म्हणून 'पाच आंबे' म्हटले की भागते.

बंगाली बाबूंना आम्ही हेच उत्तर दिले. म्हणालो, मराठीत 'टा' नाही, आम्हाला लागतच नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मघाशी तुम्ही आत सांगितलंत ना, 'पाच जण आहेत, चहा टाक', त्यातला 'जण' काय आहे?"

आम्ही पकडले गेलो. त्यांचा 'जन' आणि आपला 'जण' हा एकच शब्द आहे. संस्कृतात जन, प्राकृतात जण, आणि तिथून दोन्ही घरांत आलेला. बंगालीत तो मोजणीचा शब्द असेल, तर मराठीत का नाही?

तो खरोखर मोजणीचा शब्द आहे की नुसते माप, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. मधला शब्द काढून पाहायचा. 'पाच जुड्या मेथी' यातून जुड्या काढल्या तर 'पाच मेथी' उरते आणि अर्थच जातो. जुडी हे माप आहे, ती मोजायची वस्तू स्वतःच तयार करते. 'पाच जण पाहुणे' यातून जण काढला तर 'पाच पाहुणे' उरतात, आणि पाहुण्यांची संख्या किंवा जात तसूभरही बदलत नाही. जण नवे माप आणत नाही. तो एवढेच सांगतो की जे मोजतो आहोत ती माणसे आहेत. बंगालीचा 'जन' अगदी हेच करतो. फरक इतकाच, की बंगालीत त्याच्यावाचून अडते आणि मराठीत 'पाच पाहुणे' असेही चालते. पण पाहुणे, विद्यार्थी, कारकून असे काहीच म्हणायचे नसेल, नुसती माणसे सांगायची असतील, तर मराठीलाही 'जण' लागतो. 'पाच आले' म्हणून थांबता येत नाही. आजी विचारील, पाच काय?

एम. बी. एमेनो नावाचे एक मोठे भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत बर्कली येथे शिकवत होते. १९५६ मध्ये त्यांनी भारत हा एक भाषिक प्रदेश आहे, असे मांडणारा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की भारतातल्या भाषांची कुळे वेगवेगळी असली, तरी शेकडो वर्षे शेजारी राहून त्यांच्या सवयी एकसारख्या झाल्या आहेत. त्या सवयींत त्यांनी मोजणीच्या या शब्दांनाही धरले. निबंधाच्या आदल्याच वर्षी त्यांचे कोलामी भाषेवरचे पुस्तक निघाले होते. कोलामी म्हणजे यवतमाळकडच्या कोलाम लोकांची भाषा, द्राविड कुळातली, पण सगळीकडून मराठीने वेढलेली. कोलामीतही माणसे मोजायचे शब्द वेगळे आणि वस्तू मोजायचे वेगळे आहेत.

इथून पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त आवडते. मराठीत माणसे मोजताना 'जण' पहिल्यापासून सक्तीचा नाही. आधी दोघे, तिघे, चौघे असे तीन शब्द येतात. हे आकडे आणि माणूस एकत्र ओतून केलेले शब्द आहेत. दोघे म्हणताच ती माणसे आहेत हे कळते, वेगळे सांगावे लागत नाही. हवे तर 'दोघे जण' म्हणा, पण नुसते 'दोघे'ही पुरते. हे शब्द चारापाशी संपतात. 'पाचघे' असे काही नाही. तिथे 'जण' पुढे येतो आणि मग पाच जण, सहा जण, वीस जण. एका जिन्याच्या पहिल्या काही पायऱ्या दगडात कोरलेल्या असाव्यात आणि पुढच्या लाकडाच्या बसवलेल्या असाव्यात, तसे हे आहे.

आता शेजारी पाहा. कोकणीत दोग, तेग, चवग, आणि मग पांच जाण. म्हणजे तिथेही चारापर्यंतच. कन्नडमध्ये दोघे म्हणजे इब्बरु, तिघे मूवरु, चौघे नाल्वरु, पण त्यांची एक पायरी जास्त आहे, पाच जणांना ऐवरु. त्यानंतर 'आरु जन', म्हणजे सहा जण. शब्दसुद्धा आपलाच! तेलुगू त्याहून पुढे जाते. इद्दरु, मुग्गुरु, नलुगुरु, ऐदुगुरु, आरुगुरु, एडुगुरु असे सातापर्यंत कोरलेले शब्द, आणि आठाला 'एनिमिदि मंदि'. तिथला मंदि म्हणजे आपला जण. आणि दूर जपानात एकट्याला हितोरी, दोघांना फुतारी, आणि तिघांपासून 'सान-निन' असे निन लावून मोजायला सुरुवात. म्हणजे जपानी माणसाचे कोरलेले शब्द दोघांपाशी संपतात, आपले चौघांपाशी, कन्नडिगांचे पाचांपाशी आणि तेलुगूंचे सातांपाशी. बांधकाम एकाच नमुन्याचे, फक्त दगडी पायऱ्यांची संख्या वेगळी.

मराठीचे हे शब्द संस्कृत-प्राकृताच्या घराण्यातले आहेत, पण जिन्याची रचना मात्र दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी जुळते. हिंदीत हा जिना नाही. दो, तीन, चार माणसांना आणि दो, तीन, चार खुर्च्यांना तेच आकडे. हिंदीतले 'दोनों' हे 'दोघे' नव्हे. दोनों म्हणजे दोन्ही, ठरलेले दोन, मग माणसे असोत की मडकी. बोलीत 'दो जने' म्हणतात, आणि माळवीतही 'दो जणा' ऐकू येते, पण ते हवे तेव्हा. कोरलेली पायरी नाही.

आता आपल्या जिन्याची एक खुबी सांगतो, जी कन्नड-तेलुगूतही अशी नाही. आपण दोघे आणि दोघी असा फरक करतो. दोघे पुरुष, दोघी बायका, आणि नवरा-बायको किंवा मुलगा-मुलगी असे मिळून असले तर बोलण्यात दोघं. तिघे-तिघी-तिघं, चौघे-चौघी-चौघं. पाचांपासून पुढे आकड्यांना ही सोय नाही. पाच हा शब्द पुरुषांना आणि बायकांना सारखाच. मग लिंगाचे ओझे 'जण' उचलतो. पाच जण आले, पाच जणी आल्या. मोजणीचा शब्द इथे नुसती ओळख करून देत नाही, तर आकड्याला जे सांगता येत नाही ते सांगतो. 'हळदीकुंकवाला सात जणी आल्या होत्या' यात बायका हा शब्द कुठेच नाही, तरी चित्र पुरे होते.

हे शब्द कोणाला लागतात तेही पाहण्यासारखे आहे. माणसाला लागतात, गाईला नाहीत. 'पाच जण गायी' म्हणता येत नाही. पण गोष्टीतले कोल्हा, कावळा आणि हरिण बोलू लागले की ते 'तिघे मित्र' होतात. गणपतीच्या मूर्ती मांडवात आणल्या तर आपण 'तीन गणपती आले' म्हणतो, तिघे म्हणत नाही, कारण तेव्हा मूर्ती मोजतो. मात्र आमच्या घरी महालक्ष्म्या येतात, तेव्हा आई अजून म्हणते, "दोघीजणी बसल्या का?" मुखवटे चढवून, साड्या नेसवून त्या उभ्या राहिल्या की त्या माहेरवाशिणी असतात, वस्तू नसतात. मुखवटे डब्यात असतात तेव्हा तीच आई म्हणते, "दोन मुखवटे वरच्या फळीवर आहेत." घरातल्या बाईने हे व्याकरण कधी शिकलेले नसते, पण तिचा शब्द चुकत नाही.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत याचा उपयोग रोज दिसतो. 'अपघातात तिघे जखमी' एवढ्या तीन शब्दांत सगळे कळते. प्रवासी, लोक, व्यक्ती असे काही लिहायला नको. हाच मथळा 'अपघातात तीन जखमी' असा छापला तर मराठी वाचक क्षणभर अडखळतो, तीन काय? अलीकडे असे मथळेही दिसू लागले आहेत, पण तो विषय आज नको.

जुन्या दफ्तरांतही ही ओळख करून देण्याची सवय होती, पण तिचे रूप निराळे. पेशवाईतल्या हजेऱ्यांत माणसांपुढे 'असामी' लिहीत, म्हणजे कारकून असामी इतके, प्यादे असामी इतके. दिल्लीकडच्या फारसी दफ्तरांत तर याचा थाटच होता. हत्ती मोजायचे 'जंजीर', म्हणजे साखळीवर, घोडे-बैल 'रास', म्हणजे डोक्यावर आणि तलवारी 'कब्जा', म्हणजे मुठीवर. आमचा अंदाज आहे की हिशेबनीसाला यात व्याकरणापेक्षा हिशेबाची काळजी जास्त असावी. आकडा कोणी पुसला किंवा ओळ सरकली, तरी हत्तींच्या जागी घोडे वाचले जाऊ नयेत. आमच्या २१ च्या शेजारी कोणी असामी किंवा नग लिहिले असते, तर आचाऱ्याचा तेवढा तांदूळ वाचला असता!

आणि पंगतीत अजूनही आपण माणसे मोजतो ती 'पानां'वर. शंभर पाने झाली, अजून तीस पाने बसायची आहेत. पान म्हणजे पत्रावळ, पण मोजतो जेवणारा माणूस. गाव मोजायचे तर उंबऱ्यांवर, दीडशे उंबऱ्यांचे गाव. ही मापे जण या शब्दासारखी निर्मळ नाहीत. एका उंबऱ्याआड कितीही माणसे असू शकतात आणि एका पानावर मायलेकरे दोघेही जेवू शकतात. म्हणून पानांचा आकडा आणि माणसांचा आकडा जुळत नाही, आणि वाढप्यांचा हिशेब नेहमी थोडा चुकतो.

आता आपल्या घराकडे वळू. धार आणि देवास या पवारांच्या राज्यांत आपले पूर्वज चाकरीनिमित्त आले आणि इथलेच झाले. १९४८ मध्ये राज्ये मध्य भारतात गेली, पण घरात मराठी राहिली. ती हिंदी आणि माळवीच्या मांडीला मांडी लावून राहिली, त्यामुळे तिच्यात इथली चव आहे, आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही. आजी 'हाट' म्हणायची, 'बाजार' नाही. पण गेली काही वर्षे आम्ही घरातली आणि नातलगांची बोलणी कान देऊन ऐकतो आहोत. त्यात हा जिना कसा उतरतो आहे ते आम्हाला दिसते.

आधी गेल्या त्या बायका. आमच्या आजीच्या पिढीत 'आम्ही चौघी बहिणी' असेच म्हणत. आईच्या पिढीत 'आम्ही चौघी' आणि 'आम्ही चार बहिणी' दोन्ही आहेत. मुलांच्या पिढीत चौघी जवळजवळ ऐकू येत नाही. पुरुष असोत की बायका, 'चौघे' किंवा 'चार जण'. आमची भाची मैत्रिणींबद्दल सांगताना म्हणाली, "आम्ही चार जण गेलो होतो." चारही मुली! तिने जण तर ठेवला, पण जणी विसरली. त्यानंतरची पायरी म्हणजे जणच्या जागी 'लोक'. हिंदीत 'हम चार लोग थे' म्हणतात, त्याची सावली मराठीवर पडते आणि 'आम्ही चार लोक होतो' असे होते.

यात थोडी गंमत आहे आणि थोडे दुःखही. 'लोक' हा मराठीत मोजायचा शब्दच नव्हता. लोक काय म्हणतील, लोक जमले, लोकांना सांग, असा तो न मोजता येणारा जमाव होता. 'पाच लोक' म्हटले की जमावातून पाच तुकडे पाडल्यासारखे होते. मराठीने त्याच कामासाठी जण ठेवलेला होता. उलट बंगालीत लोक म्हणजे माणूस, आणि तो मोजायचा झाला तर त्यालाही जन लागतो. आपण आता उलट करतो आहोत. लोक ठेवतो आणि जण टाकतो.

हे फक्त माळव्यात होते आहे असे म्हणणे बरोबर नाही. पुण्या-मुंबईकडेही 'तीन लोक आले' ऐकू येते. पण तिथे चूक झाली तर पाच जणी दुरुस्त करायला असतात. आपल्याकडे एखाद्या घरात मराठी बोलणारी आई आणि आजी दोघीच उरल्या असतील, तर मुलाने 'तीन लोक' म्हटलेले तिसऱ्या कोणाच्या कानाला टोचणारच नाही. शब्द जायला एवढे पुरते.

दुसरी पायरी 'दोन्ही'ची. मराठीत दोन्ही हात, दोन्ही घरे, दोन्ही वेळा. माणसांना दोघेही, दोघीही. 'दोन्ही भाऊ' असे जुन्या मराठीतही कुठे कुठे सापडते, म्हणून आम्ही ते चूक म्हणणार नाही. पण आमच्या घरातली मुले हिंदीच्या 'दोनों'वरून सगळीकडेच दोन्ही म्हणतात. 'आई-बाबा दोन्ही आले.' आजी असती तर विचारले असते, आई आणि बाबा ही काय दोन गाठोडी आहेत?

आमच्या बंगाली स्नेह्यांनी एकदा आम्हाला बरोबर दाखवून दिले की आमच्याच मुलाने बाहेरून हाक मारली, "बाबा, तीन आलेत." आम्ही उठून दार उघडले, तर पायरीवर कुरियरचे तीन डबे. आम्ही चहा टाकायला सांगून बसलो होतो! बाबू हसून म्हणाले, "आमचा मुलगा 'तिनटे' म्हणाला असता, तर तुम्ही चहा टाकला नसता." त्यांचे खरे होते. आणि आमचा मुलगा आजीच्या घरात वाढला असता, तर डबे आल्यावर 'तीन आलेत' आणि माणसे आल्यावर 'तिघे आलेत' म्हणाला असता, आणि दोन्ही वेळा आम्हाला उठायच्या आधीच कळले असते.

यंदाच्या यादीत आम्ही दोन रकाने केले आहेत. एकावर 'जण' लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'नग'. कालपर्यंत नावे आली, ती आचाऱ्याला दाखवली. त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, जणींचा रकाना कुठे आहे? बायकांच्या पंगतीला वेगळ्या पाटांची सोय करायची आहे. तो खास इथला, माळवी बोलणारा माणूस आहे. आम्ही तिसरा रकाना आखला.

ज्यांनी अजून नाव दिलेले नाही, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर द्यावे. नुसता आकडा घेतला जाणार नाही.